पाइपावर १० छापलं होतं, भिंत मात्र ६ ची होती

टाकीपर्यंत पाणी चढवायला आम्ही ११० मिमीचा एचडीपीई पाइप मागवला होता. मटेरियल पीई १००, दाब पीएन १०, म्हणजे १० बार. माल आला, त्यावर ठळक अक्षरांत हेच छापलेलं होतं. मी छपाई वाचली आणि पावतीवर सही केली. चूक तिथेच झाली.

पंपाजवळचा गेज ७ बार दाखवायचा, त्यामुळे मी निर्धास्त होतो. उन्हाळ्यात उघड्यावरून जाणारा पाइप एका जागी फुगला आणि दोन दिवसांनी लांबीच्या दिशेने उभा फाटला. विक्रेता म्हणाला, "पंप बंद करताना पाण्याचा झटका बसला असेल." पण फाटण्याआधी पाइप फुगला होता. एकाच झटक्याने फुटला असता तर तो आधी दोन दिवस फुगलेला दिसला नसता. भिंत सतत ताणली जात होती, म्हणून मी व्हर्नियर लावला. जाडी भरली ४.२ मिमी. पीएन १० ला ती किमान ६.६ मिमी लागते. ४.२ ही पीएन ६ ची जाडी.

पाइप मनातल्या मनात उभा चिरून बघा. पाणी दोन्ही अर्धे भाग एकमेकांपासून लांब ढकलतं आणि त्यांना धरून ठेवतात फक्त भिंतीच्या दोन पट्ट्या. त्या पट्ट्यांमधला ताण म्हणजे हूप स्ट्रेस. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करायची, दाबाने गुणायचं आणि जाडीच्या दुपटीने भागायचं. ७ बार म्हणजे ०.७ मेगापास्कल. आमच्या पाइपात १०५.८ गुणिले ०.७ भागिले ८.४, म्हणजे साधारण ८.८ मेगापास्कल. ६.६ ची भिंत असती तर हाच ताण ५.५ झाला असता.

पीई १०० ला २० अंशांवर ८ मेगापास्कलपर्यंत कायमचा ताण चालतो. ४० अंशांवर ही मर्यादा ६ च्या आसपास उतरते. खरा पीएन १० पाइप ४० अंशांवरही टिकला असता. आमचा २० अंशांवरही मर्यादेबाहेरच होता, फक्त प्लास्टिक हळूहळू हार मानतं म्हणून काही महिने निभावलं. उभाच फाटण्याचं कारणही हेच. घेरातला ताण लांबीतल्या ताणाच्या जवळजवळ दुप्पट असतो.

ही फसवणूक लपते, कारण बाहेरचा व्यास दोन्हींचा ११० च असतो. सगळी फिटिंग्ज बसतात. कमी झालेली जाडी आतल्या बाजूला जाते आणि उलट पाणी जरा जास्तच येतं. मोजायचं तर टोक सरळ कापून चार ठिकाणी व्हर्नियर लावा आणि सगळ्यांत कमी आकडा धरा, सरासरी नको. व्हर्नियर नसेल तर एक मीटरचा तुकडा तोला. या मापात खरा पीएन १० दोन किलोच्या थोडा वर भरतो. आमचा १.३५ किलोच्या आसपास भरला.

तो तुकडा आणि काट्यावरच्या आकड्याचा फोटो समोर ठेवल्यावर विक्रेत्याने झटक्याचं नाव काढलं नाही. माल बदलून दिला. या वेळी सही करण्याआधी प्रत्येक नळीचं टोक मोजलं.