एका पानाचे तीन फोटो: दुबार ओळी काढायच्या कशा?

आमच्या मंडळाची वर्गणीची वही लांबलचक आहे. अख्खं पान एका फोटोत घेतलं की अक्षर मुंगीएवढं येतं, म्हणून वरचा, मधला आणि खालचा असे तीन फोटो काढतो. ओळ सुटू नये म्हणून प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतल्या चार-पाच ओळी परत घेतो. मग फोटोतली अक्षरं ओळखून शीटमध्ये उतरवली, की त्या ओळी दोनदा येतात. त्या काढायचे माझ्या माहितीत तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सगळेच धरतात: सगळ्या ओळी एकाखाली एक चिकटवायच्या आणि एक्सेलचं किंवा गुगल शीट्सचं `Remove duplicates` दाबायचं. (फोटो क्रमांकाचा रकाना ठेवला असेल, तर त्याची खूण आधी काढा, नाहीतर वेगळ्या फोटोंतल्या ओळी वेगळ्याच ठरतात आणि काहीच उडत नाही.) एका पानावर हे केलं त्याचा हिशोब सांगतो. पानावर ४० ओळी, खाली शाईने लिहिलेली बेरीज ९,२४०. फोटोंतून आल्या १८, १७ आणि १४, म्हणजे ४९ ओळी. बटण दाबल्यावर उरल्या ३९. एकच कमी, म्हणून बरं वाटलं. बेरीज मात्र आली १०,५३९.

झालं असं की ‘गुप्तदान ५१’ ही ओळ पानावर खरोखरच चारदा होती. बटणाने एक ठेवली आणि तीन खरी दानं उडवली. उलट शिंदेंचे ५०१ दुसऱ्या फोटोत ‘शिदे’ म्हणून उतरले आणि कदमांचे १५१ झाले ९५१, कारण हाताने लिहिलेला १ आणि ९ सहज गल्लत करतात. या दोन ओळी दुबार असूनही वेगळ्या दिसल्या आणि राहिल्या. तीन गेल्या, दोन जादा आल्या. ओळींचा आकडा जवळपास जुळला, रक्कम १,२९९ ने फुगली. म्हणून नुसत्या ओळी मोजून समाधान मानू नये, पानाखालची बेरीज लावून पाहावी.

दुसरा मार्ग म्हणजे फक्त सांधा जुळवणं. मी आता हाच वापरतो. दुबार ओळी पानभर विखुरलेल्या नसतात, त्या पहिल्या फोटोच्या शेवटी आणि दुसऱ्याच्या सुरुवातीलाच असतात, त्याही त्याच क्रमाने. आधी फोटोच्या कडेला अर्धवट कापलेल्या ओळी टाकून द्यायच्या. मग दुसऱ्या फोटोची पहिली ओळ पहिल्या फोटोच्या शेपटीत शोधायची. माझ्या पानात ती १५वी निघाली. दुसरा फोटो शेजारच्या D आणि E रकान्यांत १५व्या ओळीपासून चिकटवला आणि रकमा ताडल्या:

```
=B15=E15
```

हे सूत्र १८व्या ओळीपर्यंत ओढलं. शिंदे, गुप्तदान, गुप्तदान, कदम: पहिल्या तीन रकमा जुळल्या, कदमांची नाही. तरी नावांचा क्रम तोच आहे आणि नावांची जुळणी पहिल्या फोटोच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचते, म्हणजे सांधा चार ओळींचा. मधेच तुटली तर जागा चुकली, पुन्हा शोधा. न जुळलेली रक्कम मूळ फोटोत बघून ठरवायची. पुढचा सांधा पाच ओळींचा निघाला. ४९ मधून ९ गेले, ४० उरले आणि बेरीज ९,२४० आली. पानामागे पाचेक मिनिटं जातात, पण खरं गुप्तदान हरवत नाही.

तिसरा मार्ग अनुक्रमांकाचा. वहीत प्रत्येक ओळीला क्रमांक असेल तर तो आणि पान क्रमांक मिळून ओळीची ओळख ठरते, बाकी काही जुळवावंच लागत नाही. पान क्रमांक विसरू नका, कारण बऱ्याच वह्यांत क्रमांक दर पानाला एकपासून सुरू होतो. लिहिणाऱ्याने एकच क्रमांक दोनदा टाकलेला असू शकतो, म्हणून क्रमांक तोच पण नाव-रक्कम सर्वस्वी वेगळी दिसली तर ओळ उडवू नका.

फोटो आधी जोडून एकच लांब चित्र करायचं, असंही काहीजण सुचवतात. मी टाळतो. वहीच्या रेघा सगळ्या सारख्या असतात, त्यामुळे जोडणी एका रेघेने घसरली तरी चित्र ठाकठीक दिसतं आणि ओळ गेल्याचं कळतही नाही.

तर निवड अशी. फोटो अजून काढायचे असतील तर आधी समासात पेन्सिलीने १ ते ४० आकडे टाका आणि तिसरा मार्ग धरा. फोटो काढून झालेत, वही परत गेली, तर सांधा जुळवा. बटण तिथेच चालेल जिथे दोन ओळी हुबेहूब सारख्या असूच शकत नाहीत, उदाहरणार्थ पावती क्रमांकाच्या वहीत. तिथेही क्रमांक चुकीचा वाचला गेला तर दुबार ओळ उरतेच.

सांध्याचा मार्ग अडतो तो एकाच ठिकाणी: सांध्यातल्या सगळ्याच ओळी ‘गुप्तदान ५१’ असतील तर दोन ओळी सामाईक की तीन, हे शीटवरून कळत नाही. अशा वेळी दोन्ही फोटो शेजारी उघडून एखादा शाईचा डाग किंवा खोडलेलं अक्षर शोधायचं आणि तिथून ओळी मोजायच्या.