गजकर्ण झालंय: मेडिकल, फॅमिली डॉक्टर की स्किनचे डॉक्टर?

मार्चपासून माझ्या काउंटरवर एकच वाक्य दिवसभर ऐकू येतं. "मालक, खाजेची ट्यूब द्या की, लवकर फरक पडणारी." मागणारा बहुतेक वेळा यंत्रमागावर उभा राहून आलेला असतो, कधी रिक्षावाला, कधी कॉलेजचा मुलगा. खाज जांघेत असते, त्यामुळे दाखवायची लाज वाटते. सोलापूरचा उन्हाळा, घाम, जाडी पँट आणि नळाला रोज पाणी न येणारी वस्ती एवढं जमलं की गजकर्णाला आणखी काही लागत नाही. औषधाच्या दुकानात बसून हे लिहितोय, तरी सांगतो की या आजारात माझं दुकान प्रत्येकासाठी योग्य पहिला थांबा नाही.

आधी लवकर फरक पडणाऱ्या ट्यूबचं बघू, कारण कुठे जायचं हे बरंचसं तिच्यावरून ठरतं. ती मिक्स क्रीम असते: बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि सोबत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड. स्टेरॉइडमुळे दोन-तीन दिवसांत खाज आणि लाली बसते, म्हणून माणूस खूश होतो. पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आत पसरत राहते. ट्यूब थांबवली की खाज दुप्पट होऊन येते, मग पुन्हा तीच ट्यूब. काही महिन्यांत गोल कडा पुसट होतात, कातडी पातळ पडते, जांघेत पांढरट-जांभळट चिरा उमटतात. त्या चिरा नंतर कायमच्या राहतात. अशी क्रीम चिठ्ठीशिवाय विकायची नाही असा नियम आहे. तो किती पाळला जातो हे गिऱ्हाइकालाही माहीत आहे.

मेडिकलवर यायचं ते डाग ताजा, लहान आणि हातावर किंवा पाठीवर असेल तर. कड उठलेली, मध्ये थोडं साफ, एक-दोन चकत्या आणि आधी काहीही लावलेलं नाही, अशी अवस्था हवी. नुसतं क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल मागा आणि ट्यूबवरची नावं वाचा. शेवटी '-सोन' किंवा '-सॉल' असलेलं नाव दिसलं, तर ते काय आहे हे विचारून घ्या. काउंटरवरचा मुलगा फार्मासिस्ट असेलच असं नाही, म्हणून फार्मासिस्ट कोण हेही विचारा. दिवसातून दोनदा लावायचं, डागाच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे. दोन आठवडे नीट लावून काहीच उतार नसेल, तर तिसरी ट्यूब माझ्याकडे मागू नका.

मलम किती लागतं, याचा हिशेब जवळजवळ कोणीच करत नाही. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि ते बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. जांघा आणि कंबर मिळून चार तळहात धरले तर एका वेळेला एक ग्रॅम, दिवसाला दोन. म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब आठवडाभरात संपली पाहिजे. महिनाभर पुरवली असेल, तर औषध लागलंच नाही असं समजा. 'क्रीम काम करत नाही' म्हणणाऱ्यांतले निम्मे इथेच अडकलेले असतात असा माझा अंदाज आहे.

डाग पसरलाय, घरातल्या दुसऱ्यालाही झालंय किंवा पुन्हा पुन्हा येतंय, तर फॅमिली डॉक्टर. त्यांच्याकडचा मोठा फायदा असा की त्यांना तुमची शुगर, बीपीच्या गोळ्या आणि लिव्हरची तक्रार माहीत असते. टर्बिनाफिन किंवा इट्राकोनाझोलच्या गोळ्या देताना हे लागतंच. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला इट्राकोनाझोल सहसा देत नाहीत, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. वारंवार होणाऱ्या गजकर्णात शुगर तपासली जावी, नसेल तपासली तर तुम्ही म्हणा. मात्र "एक इंजेक्शन द्या, लगेच बरं वाटतं" असा हट्ट धरू नका. खाजेवरच्या अशा इंजेक्शनात स्टेरॉइड असू शकतं, आणि मग ट्यूबचीच गोष्ट अंगभर घडते.

स्किनचे डॉक्टर हवेत ते मिक्स क्रीम काही आठवडे वापरलं असेल तेव्हा. चेहऱ्यावर, नखांत किंवा लहान मुलाच्या डोक्यात झालं असेल, किंवा नीट घेतलेल्या गोळ्यांनीही उतार नसेल, तेव्हाही. टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी आता आपल्या देशात सर्रास आढळते, त्यामुळे औषध बदलायचं की मुदत वाढवायची हे अनुभवी डोळ्यालाच कळतं. डाग खरंच गजकर्णाचा आहे का, हेही तेच ठरवतात. कड खरवडून पोटॅशच्या द्रावणात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी साधी आणि स्वस्त आहे. फिकट डागावर स्पर्श कळत नसेल, तर ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

आता पैसे. दर दवाखान्यागणिक बदलतात, म्हणून हिशेबापुरते आकडे धरतो, तुम्ही तुमचे घाला. पस्तिशीचा कामगार, चार तळहात डाग, रोजगार ५०० रुपये. मिक्स क्रीम १०० रुपयांची, आठवड्याला एक, तीन महिने चाललं तर साधारण १२०० रुपये जातात आणि आजार वाढलेला असतो. सुरुवातीलाच फॅमिली डॉक्टरकडे गेला तर दोन वेळची फी ३००, महिनाभराच्या गोळ्या आणि दोन मोठ्या ट्यूब मिळून ८००, म्हणजे ११००. स्पेशालिस्टकडे दोन वेळची फी, तपासणी आणि महागडं औषध धरून अडीच हजारांच्या आसपास. सिव्हिलला केसपेपर किरकोळ आहे, पण सकाळची ओपीडी म्हणजे दिवस बुडाला. दोनदा गेला तर हजाराचा रोजगार. तरीही उपचार लांबणार असेल, तर मला सिव्हिल परवडणारं वाटतं. फक्त पुढची तारीख चुकवायची नाही.

थांबण्याचा हिशेब वेगळा. स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट आठवड्यानंतरची मिळाली, तर गजकर्णाचं त्यात फार बिघडत नाही. तोवर मिक्स क्रीम लावू नका. डॉक्टरांना खरवडून बघायचं असेल तर बुरशीचं मलमही आधी किती दिवस बंद ठेवायचं ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या, नाहीतर तपासणीत खोटं 'काही नाही' येऊ शकतं. पण शरीराच्या एकाच बाजूला आग होऊन पाण्याचे फोड आले, तर ती नागीण असू शकते. तिच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर फायदा जास्त, म्हणून त्याच दिवशी फॅमिली डॉक्टर, आणि फोड डोळ्याजवळ असतील तर डोळ्यांचेही डॉक्टर. पाय लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप, किंवा नवीन गोळीनंतर अंगावर पुरळ आणि तोंडात जखमा, तर अपॉइंटमेंट वगैरे काही नाही, थेट हॉस्पिटलचा कॅज्युअल्टी विभाग.

कुठेही गेलात तरी आधी वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्याही. "पांढरी, हिरव्या पट्ट्याची" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. आणि घरात ज्याला खाज आहे त्याला त्याच वेळी सोबत घ्या. टॉवेल एकच असेल, तर एकट्याच्या औषधाचे पैसे महिन्याभराने पुन्हा मोजावे लागतात.