प्रत्येक घटक स्वतःच्या वर्गाइतका असलेली रिंग: दोन सिद्धतांपैकी कोणती निवडावी?

रिंगमधील प्रत्येक घटकासाठी x² = x असेल, तर ती रिंग क्रमनिरपेक्ष असते आणि तिची कॅरॅक्टरिस्टिक दोन असते, हा प्रश्न जळगाव-धुळ्याकडे तृतीय वर्षाला शिकवणाऱ्या किंवा सेट-नेटची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत असतोच. त्याच्या दोन सिद्धता सहज हाती लागतात. एकीत दोन घटकांची बेरीज घेऊन तिचा वर्ग उलगडतात. दुसरीत ज्याचा वर्ग शून्य येतो असा एक घटक तयार करून तो शून्यच असल्याचे दाखवतात. मी दोन्ही फळ्यावर अनेक वर्षे लिहिल्या आहेत आणि आता एकीकडे माझा कल झुकला आहे. तो का झुकला, हे सांगण्यासाठी हा आढावा आहे. ज्याला वर्गात एकच सिद्धता दाखवण्याइतका वेळ आहे, त्याला याचा उपयोग व्हावा.

कॅरॅक्टरिस्टिकचा भाग दोन्ही मार्गांना समान आहे आणि तो एका ओळीत संपतो: −x = (−x)² = x² = x, म्हणून x + x = 0. पुष्कळ वह्यांमध्ये याऐवजी (1 + 1)² = 1 + 1 असे लिहून 4 = 2 आणि म्हणून 2 = 0 असा निष्कर्ष काढलेला असतो. तो चुकीचा नाही, पण त्याला रिंगमध्ये एकक घटक असावा लागतो, आणि प्रश्नात तो दिलेला असेलच असे नाही. अनंत संचाचे सर्व सांत उपसंच घेतले, बेरीज म्हणून सममित फरक आणि गुणाकार म्हणून छेद घेतला, तर प्रत्येक घटकाचा वर्ग तोच घटक असतो, मात्र एकक घटक त्या रिंगमध्ये नसतो. त्यामुळे −x चा मार्ग अधिक निर्धोक वाटतो. केवळ शून्य हाच घटक असलेली रिंग तेवढी बाजूला ठेवावी लागते, कारण तिची कॅरॅक्टरिस्टिक दोन म्हणता येत नाही. परीक्षेत हे कोणी विचारत नाही, पण सिद्धतेच्या सुरुवातीला ‘रिंग शून्येतर मानू’ असे लिहिलेले बरे.

खरी निवड क्रमनिरपेक्षतेच्या भागात आहे.

पहिला मार्ग असा. x + y हाही रिंगमधील घटक असल्यामुळे (x + y)² = x + y. डावी बाजू वितरण नियमाने उलगडली की x² + xy + yx + y² मिळते, म्हणजेच x + xy + yx + y. दोन्ही बाजूंतून x + y वजा केल्यावर xy + yx = 0 उरते. म्हणून xy = −yx, आणि प्रत्येक घटक स्वतःच्या उणे घटकाइतका असल्याचे आधीच दाखवले असल्यामुळे xy = yx. या मार्गाची काटकसर नाकारता येणार नाही. किंबहुना xy + yx = 0 या ओळीत y च्या जागी x घातला, तर 2x² = 0, म्हणजे 2x = 0 हेही तेथेच मिळते; कॅरॅक्टरिस्टिकसाठी निराळी ओळ लिहावी लागत नाही. एकच वर्ग उलगडून दोन्ही निष्कर्ष हाती येतात. इतकी आटोपशीर सिद्धता विषयात फार ठिकाणी सापडत नाही.

माझी अडचण उलगड्याच्या पहिल्याच ओळीत आहे. आठवीपासून हाताला (a + b)² दिसले की 2ab लिहायची सवय लागलेली असते, आणि ती सवय नेमकी येथेच घात करते. विद्यार्थी x² + 2xy + y² लिहितो, पुढे 2xy = 0 असे मिळवतो, आणि ते विधान खरे असल्यामुळे त्याला काही खटकतही नाही. पण xy आणि yx एकच आहेत, हे सिद्ध करायचे होते आणि तेच त्याने दुसऱ्या ओळीत गृहीत धरले. शेवटी तो ‘म्हणून रिंग क्रमनिरपेक्ष आहे’ असे लिहून मोकळा होतो. उत्तरपत्रिका तपासताना मी आता वरून खाली वाचत नाही. उलगड्याच्या ओळीत yx ही अक्षरे त्या क्रमाने आहेत का, एवढेच आधी पाहतो. ती नसतील, तर पुढचे सारे कितीही नीटनेटके असले तरी त्यात सिद्धता नाही.

जे ही चूक करत नाहीत, त्यांच्यापैकी काहीजण शेवटच्या टप्प्यावर अडखळतात. xy + yx = 0 लिहिले की त्यांना काम झाल्यासारखे वाटते. चोपड्याकडच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, “सर, पण ते उणे चिन्ह कुठे गेले?” प्रश्न अगदी योग्य होता. ते चिन्ह आपोआप जात नाही. ते कॅरॅक्टरिस्टिक दोन असल्यामुळे जाते. म्हणजे या मार्गात क्रमनिरपेक्षता ही कॅरॅक्टरिस्टिकवर अवलंबून आहे, आणि प्रश्नात मात्र ‘क्रमनिरपेक्ष आणि कॅरॅक्टरिस्टिक दोन’ असा उलटा क्रम छापलेला असेल, तर विद्यार्थी त्याच क्रमाने लिहायला बसतो आणि मध्येच लटकतो.

दुसऱ्या मार्गात e आणि x हे कोणतेही दोन घटक घेऊ आणि t = ex − exe असा घटक तयार करू. त्याचा वर्ग काळजीपूर्वक उलगडू:

t² = exex − exexe − exeex + exeexe

यात ee दिसेल तेथे e लिहिला की तिसरे पद exex होते आणि चौथे exexe होते. चारही पदे जोडीजोडीने नाहीशी होतात आणि t² = 0 मिळते. पण या रिंगमध्ये t² = t आहे, म्हणून t = 0, म्हणजेच ex = exe. याच रीतीने xe − exe चा वर्ग उलगडला की xe = exe. दोन्ही मिळून ex = exe = xe. कॅरॅक्टरिस्टिकचा येथे कोठेही उल्लेख आला नाही, उणे चिन्हे शेवटपर्यंत उणेच राहिली, आणि प्रश्नातील दोन भाग कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात.

या मार्गावरही आक्षेप आहेत आणि ते मला मान्य आहेत. लिखाण वाढते. दोन वेळा उलगडावे लागते, आणि दुसरा उलगडा ‘त्याचप्रमाणे’ म्हणून सोडून दिला तर काही परीक्षक गुण कापतात. त्याहून मोठा आक्षेप असा, की exe कोठून सुचले, हे विद्यार्थ्याला कळत नाही. मी ते असे सांगतो: एकक घटक असेल, तर ex − exe म्हणजे ex(1 − e). त्याचा वर्ग करताना मधोमध (1 − e) आणि e शेजारी येतात, आणि त्यांचा गुणाकार e − e² म्हणजे शून्य असतो. ही एक ओळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली की चार पदांचा उलगडा हा केवळ ताळा उरतो. एकक घटक नसेल, तर ताळा हीच सिद्धता.

माझ्या अनुभवात येथे 2xy सारखा घात होत नाही. कारण सरळ आहे: exex या रांगेला शाळेतील कोणतेही तयार सूत्र लागू पडत नाही, त्यामुळे हात थांबतो आणि डोळे अक्षरांचा क्रम पाहू लागतात. चुका होतात त्या चिन्हांच्या, आणि त्या लगेच उघड्या पडतात, कारण पदे जोडीने जात नाहीत.

दोन्ही मार्ग एका ठोस उदाहरणावर ताडून पाहता येतात. 0 आणि 1 एवढ्याच घटकांवरील 2 × 2 मॅट्रिक्स घेऊ. f ची पहिली ओळ (1, 0) आणि दुसरी (0, 0); g ची पहिली ओळ (1, 1) आणि दुसरी (0, 0). गुणाकार करून पाहिले, तर f² = f आणि g² = g, पण fg = g आणि gf = f. कॅरॅक्टरिस्टिक दोन आहे, दोन्ही घटक स्वतःच्या वर्गाइतके आहेत, तरीही ते क्रम बदलून गुणता येत नाहीत. बिघाड कोठे आहे? fg − fgf काढले, तर g − f येते, म्हणजे पहिल्या ओळीत (0, 1) आणि दुसऱ्या ओळीत (0, 0) असलेली मॅट्रिक्स. तिचा वर्ग शून्य आहे, पण ती स्वतः शून्य नाही. ‘प्रत्येक’ घटकासाठी x² = x असण्याची अट येथे मोडली आहे, आणि ती मोडणारा घटक दुसऱ्या मार्गाने थेट हाती दिला. पहिल्या मार्गातील f + g ही येथे तीच मॅट्रिक्स निघते, हे खरे. पण ते केवळ कॅरॅक्टरिस्टिक दोन असल्यामुळे. हीच दोन उदाहरणे पूर्णांकांवर घेतली, तर f + g ची पहिली ओळ (2, 1) होते आणि तिचा वर्ग शून्य येत नाही. fg − fgf चा वर्ग मात्र तेथेही शून्यच येतो.

माझ्यापुरता निकाल लागला तो x³ = x च्या प्रश्नावर, जो सेटची तयारी करणारे पुढच्याच तासाला विचारतात. बेरजेचा मार्ग तेथेही जातो, पण (x + y)³ मध्ये सहा मिश्र पदे येतात, मग (x − y)³ घ्यावा लागतो, आणि पुढे दोनच्या व तीनच्या पटीचा हिशेब निराळा करावा लागतो. दुसऱ्या मार्गात वर्ग शून्य असलेला घटक शून्यच असतो, कारण t² = 0 असेल तर t = t³ = 0. शिवाय x² हा आयडेम्पोटंट आहे, कारण x⁴ = x². म्हणून e च्या जागी x² घालून वरचा युक्तिवाद जसाच्या तसा वाचला की प्रत्येक वर्ग सर्वांशी क्रमनिरपेक्ष आहे, हे मिळते. आता (x + x²)² = 2x + 2x², म्हणून 2x हा दोन वर्गघटकांमधून मिळतो आणि तोही सर्वांशी क्रमनिरपेक्ष ठरतो. (x + x²)³ = x + x² उलगडले, तर 4x + 4x² = x + x², म्हणजे 3x = −3x², आणि 3x चेही तेच. शेवटी x = 3x − 2x.

त्यापुढे मात्र दोन्ही मार्ग अपुरे पडतात. प्रत्येक x साठी एकाहून मोठा असा काही n असेल की xⁿ = x, तर रिंग क्रमनिरपेक्ष असते, हे जेकबसन यांनी 1945 मध्ये सिद्ध केले, आणि त्यासाठी रिंगच्या रचनेचा बराच सिद्धान्त लागतो; केवळ उलगडा करून ते साधत नाही.

तेव्हा ज्याला चार गुणांचे उत्तर दहा मिनिटांत लिहायचे आहे आणि yx लिहिताना ज्याचा हात घसरत नाही, त्याने बेरजेचा मार्ग घ्यावा. त्यात गैर काही नाही. ज्याला हा प्रश्न दुसऱ्याला शिकवायचा आहे, त्याला मी, थोड्या संकोचाने का होईना, ex − exe सुचवीन. दोन्हींसाठी वेळ असेल तर तेच आधी दाखवावे आणि बेरजेचा उलगडा विद्यार्थ्यांनाच करायला सांगावा. मग 2xy कोणाच्या वहीत उतरले आहे, हे फळ्यावर काही न लिहिताही समजते.