भाड्याच्या घरात भिंतीला ब्रश न लावता रंग आणले: १० महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये आम्ही पुण्यात १ बीएचके भाड्याने घेतला. ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, भिंती सगळ्या ऑफव्हाइट, घरमालक काकांनी आधीच सांगितलेलं की रंग द्यायचा नाही आणि ड्रिल मारायचं नाही. मला पांढऱ्या घरात खरंच करमत नाही, माहेरी प्रत्येक खोली वेगळ्या रंगाची होती. म्हणून कापड आणि फर्निचर यांच्या जोरावर काय होतं ते करून बघितलं, आता दहा महिने झालेत त्यामुळे काय टिकलं काय नाही ते नीट सांगू शकते.

सुरुवात मी कुशनपासून केली आणि ती चुकली. तुळशीबागेतून पाच रंगांची पाच कव्हर्स आणली, सोफ्यावर टाकली, छान दिसली पण खोली पांढरीच राहिली. कारण साधं आहे, दारातून आत आल्यावर नजरेला मोठ्या गोष्टी दिसतात: पडदा, दिवाण नाहीतर बेड, कपाट. या तीन ठिकाणी रंग असेल तर घर रंगीत वाटतं, बाकीचं नंतर.

पडद्यांचं सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त फरक तिथेच पडला. हॉलला पश्चिमेकडे बाल्कनीचं स्लायडिंग दार आहे, ५ फूट रुंद, वर मालकांचाच रॉड आहे. आधी मी रेडिमेड पोपटी पडदे लावले. दुपारी ऊन पडलं की पडद्यातून येणारा उजेड हिरवा व्हायचा, भिंती हिरवट, आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा आजारी असल्यासारखा दिसायचा. सासूबाई आल्या होत्या, त्या दोनदा म्हणाल्या "अगं तुला बरं नाहीये का". तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की पांढरी भिंत पडद्याचा रंग उचलते, म्हणजे भिंत न रंगवता भिंतीला रंग देता येतो, फक्त रंग बरोबर निवडला पाहिजे. मग हळदी रंगाचं हातमागाचं कॉटन घेतलं. आता दुपारी चार ते सहा अख्खा हॉल मधासारखा होतो, त्या दोन तासांसाठी मी हे सगळं पुन्हा करेन. रात्री मात्र पांढऱ्या ट्यूबखाली तोच हळदी मळकट दिसायचा, म्हणून कोपऱ्यात एका लॅम्पमध्ये वॉर्म व्हाइट ३००० के चा बल्ब लावला, ट्यूब आता फक्त कामापुरती लावतो.

कापडाचा हिशोब विचारतात म्हणून देते. दार ६० इंच, चुण्या चांगल्या पडायला दुप्पट कापड लागतं म्हणजे १२० इंच, कापडाचा पन्ना ४४ इंच, म्हणजे तीन पन्ने. उंची जमिनीपर्यंत ८४ इंच, त्यात खालची दुमड ५, वरची ४ आणि आटण्यासाठी ४ धरले की ९७ म्हणजे जवळपास अडीच मीटर. तीन पन्ने गुणिले अडीच, साडेसात मीटर. टेलरकाकांनी दोन पडदे केले, प्रत्येकात दीड पन्ना. आटण्याचं मनावर घ्या, बेडरूमचा पडदा मी न धुता शिवायला टाकला होता आणि पहिल्याच धुण्यात तो ३ इंच वर गेला, खाली भिंत दिसायला लागली. हॉलचं कापड मात्र आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच दिलं.

आता उन्हाचं. पाच महिन्यांनी पडदे धुवायला काढले तर उभे पट्टे पडलेले. काचेकडे असलेली चुणी फिकी आणि आत दडलेली गडद. टेलरकाका म्हणाले मागून अस्तर लावा, पण अस्तर लावलं की तो पिवळा उजेड येणार नाही, मग पडद्याचा उपयोगच काय. त्यावर उपाय असा सापडला की माझ्या या हातमागाच्या कापडात सूतच रंगवलेलं आहे त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसतात, तर वरच्या रिंगा काढून कापडी लूप लावून घेतले, आणि दर महिन्याला पडदा उलटा करून लावते, कधी डावा उजवीकडे. पट्टे गेले नाहीत पण पुढे वाढले नाहीत, आणि आता एकसारखा फिका होतोय. एका बाजूने छापलेल्या कापडाला हे जमणार नाही, त्याची मागची बाजू पांढरट असते.

हीच दोन बाजूंची गोष्ट सोलापुरी चादरीची, आणि म्हणून दिवाणावर मी तीच टाकली, गडद लाल आणि हिरवी. एका बाजूला लाल जमिनीवर हिरवं नक्षीकाम, उलटवली की हिरव्यावर लाल. एकाच चादरीत हॉलचे दोन मूड मिळतात. जाड असते त्यामुळे गादीवरून घसरत नाही, मुलं उड्या मारतात तरी जागेवर राहते. पहिल्या दोन धुण्यांना रंग सुटला, बादलीतलं पाणी गुलाबी झालं, त्यामुळे वेगळी धुतली, तिसऱ्या वेळेपासून पाणी स्वच्छ. कुशनची ती पाच कव्हर्स मी काढून टाकली नाहीत, फक्त त्यातली चादरीच्या रंगांशी जुळणारी दोन ठेवली आणि एकदम सगळं जमून आलं.

कपाट हा वेगळा विषय. आमचं जुनं लोखंडी राखाडी कपाट, साडेसहा फूट, ते मोरपंखी केलं. आधी पॉलिश पेपरने घासून चमक घालवली, गंज होता तिथे जास्त, मग मेटल प्रायमर, मग ऑइल पेंटचे दोन हात, अर्धा लिटरच्या डब्यात झालं आणि थोडा उरला. चूक एवढीच की हे मी जुलैमध्ये केलं. डब्यावर लिहिलेल्या वेळात रंग वाळलाच नाही, हवेत इतकी ओल होती की चार दिवसांनीही बोट लावलं की चिकट, आणि हँडलजवळ धाकट्याच्या हाताचे ठसे उठले ते उठलेच. डिसेंबरमध्ये तेवढा भाग घासून परत एक हात दिला, रात्रीत खडखडीत वाळला. पावसाळ्यात करू नका, प्लीज.

भिंतीवर काही लावायचंच असेल तर चिकटवायच्या हुकाआधी भिंतीवरून तळहात फिरवून बघा. हाताला पांढरी पावडर लागली तर ते स्वस्तातलं डिस्टेंपर आहे, हुक टिकणार नाही आणि काढताना रंगाची खपली घेऊन येईल. आमच्याकडे तळहाताएवढी आली, ती डिपॉझिटमधून जाईल असं धरून चाललोय.

पुढच्या महिन्यात आम्ही घर बदलतोय. नव्या घरात मोजून आले, रॉड इथल्यापेक्षा ४ इंच वर आहे. खालची ५ इंचाची दुमड तेव्हा जपून ठेवली होती ती आता उसवली, लांबी बरोब्बर झाली. पण उसवलेला पट्टा अजून नव्या हळदीसारखा गडद आहे आणि वरचा फिका, शेजारी शेजारी फार डोळ्यात येतं. जोडावर खणाची दोन इंची जांभळी पट्टी लावायचा विचार आहे, तुकडा घेऊन ठेवलाय, आधी वेगळा धुवून बघतेय रंग सोडतो का.