जिन्याच्या लाइटचं टू-वे वायरिंग: तीन पद्धतींपैकी कुठली घ्यायची

खालून चालू, वरून बंद. काम एवढंच, पण ते करायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्हींमध्ये लाइट अगदी सारखाच लागतो, त्यामुळे वायरमनने कुठली जोडलीय ते बोर्ड उघडल्याशिवाय कळत नाही. नवीन वायरिंग करणार असाल किंवा जुन्या एका स्विचवरच्या लाइटला वरती दुसरा स्विच जोडायचा असेल तर कुठली निवडायची हे आधी ठरवा, मग वायर आणा, कारण पाइपात किती वायर जाणार ते त्यावरच ठरतं.

आधी टू-वे स्विच नीट समजून घेऊ. त्याला तीन टर्मिनल असतात, एक कॉमन आणि दोन बाजूचे, त्यांना आपण एल१ आणि एल२ म्हणू. खटका एकीकडे असला की कॉमन एल१ला जोडलेला, दुसरीकडे असला की एल२ला, मध्ये 'बंद' अशी जागाच नाही. एल१ आणि एल२ एकमेकांना कधीच जोडले जात नाहीत. बऱ्याच स्विचमध्ये तीन स्क्रू एका ओळीत असतात आणि मधला कॉमन असतो, पण सगळीकडे तसं नसतं म्हणून गृहीत धरू नका, स्विच हातात असतानाच मल्टीमीटर बीपवर लावून बघा. जो स्क्रू खटक्याच्या एका स्थितीत एकाशी आणि दुसऱ्या स्थितीत दुसऱ्याशी बीप देतो तो कॉमन.

आता एक उदाहरण धरू म्हणजे वायर मोजता येतील. मेन सप्लाय खालच्या बोर्डात आलाय, लाइट जिन्याच्या मधल्या वळणावर छताला, वरचा बोर्ड जिना संपतो तिथे. पाइप खालच्या बोर्डातून लाइटच्या बॉक्समधून वरच्या बोर्डात जातो, दोन्ही टप्पे ४-४ मीटरचे. अर्थ वायर तिन्ही पद्धतींत लागणारच म्हणून ती मोजत नाही.

पहिली पद्धत, दोन ट्रॅव्हलरची

```
फेज ── कॉमन[खाली] एल१ ──────── एल१ [वर]कॉमन ── लाइट ── न्यूट्रल
                  एल२ ──────── एल२
```

फेज खालच्या स्विचच्या कॉमनला येते. तिथून खटक्याप्रमाणे ती एल१ किंवा एल२ वर जाते, आणि या दोघांतून वर जाणाऱ्या दोन वायर म्हणजे ट्रॅव्हलर. वरचा स्विच त्या दोघींपैकी एक निवडतो, त्याच्या कॉमनवरून निघालेली वायर परत खाली लाइटकडे येते. दोन्ही स्विच एकाच ट्रॅव्हलरवर असले की लाइट लागतो, वेगवेगळ्या ट्रॅव्हलरवर असले की बंद. न्यूट्रल कुठल्याही स्विचला शिवत नाही, खालच्या बोर्डातून थेट लाइटला जातो. एवढं लक्षात राहिलं तरी पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

वायर मोजा. खालून लाइटपर्यंत दोन ट्रॅव्हलर आणि न्यूट्रल अशा तीन, लाइटपासून वर दोन ट्रॅव्हलर आणि परतीची फेज अशा तीन. एकूण २४ मीटर.

दुसरी पद्धत, तीन वायरची जोडणी

```
फेज ── एल१[खाली] ──────── एल१[वर]
       कॉमन      ──────── कॉमन
लाइट ── एल२      ──────── एल२
```

इथे दोन्ही स्विचचे तिन्ही टर्मिनल एकास एक जोडायचे, एल१ला एल१, एल२ला एल२, कॉमनला कॉमन. फेज येते ती खालच्याच स्विचच्या एल१ला आणि लाइटकडे जाते तीसुद्धा खालच्याच स्विचच्या एल२वरून. फेजचा माग काढून बघा: समजा खालचा खटका एल१वर आणि वरचा एल२वर आहे. फेज एल१वर आली, खालच्या स्विचमधून कॉमनवर गेली, कॉमनच्या वायरने वर, वरच्या स्विचमधून एल२वर, आणि एल२च्या वायरने परत खाली येऊन लाइटला. लागला. दोन्ही खटके एकाच बाजूला असले की रस्ता तुटतो.

आमच्या उदाहरणात याला खालून लाइटपर्यंत पाच वायर लागतात आणि लाइटपासून वर तीन, म्हणजे ३२ मीटर. मग जास्त वायर खाणारी पद्धत कोण घेईल? ज्याच्याकडे आधीच खालच्या एका स्विचवर लाइट चालतोय तो. त्याच्या खालच्या बोर्डात फेज आणि लाइटकडे जाणारी वायर दोन्ही हजर आहेत, त्यामुळे फक्त दोन्ही बोर्डांच्या मध्ये तीन वायर टाकायच्या आणि लाइटच्या बॉक्सला हातच लावायचा नाही. भिंतीवरून केसिंग पट्टी सरळ वर नेली तरी चालतं. पहिल्या पद्धतीत मात्र वरच्या आकृतीप्रमाणे जोडायचं तर वरच्या स्विचकडून लाइटपर्यंत परतीची वायर आणावी लागते, म्हणजे जिन्याच्या मधोमध उंचावर शिडी लावून छतातला बॉक्स उघडा, कदाचित पाइपात जागा नाही म्हणून फोडाफोडी करा. माझ्या बहिणीच्या घरी जुना पाइप अर्ध्यात बुजलेला निघाला तेव्हा आम्ही हीच दुसरी पद्धत केली आणि छताचं प्लास्टर वाचलं.

तिसरी पद्धत, जी करू नये

```
फेज ──── एल१[खाली]कॉमन ── लाइट ── कॉमन[वर] एल१ ──── फेज
न्यूट्रल ─ एल२                               एल२ ── न्यूट्रल
```

वरच्या आणि खालच्या दोन्ही बोर्डांत फेज-न्यूट्रल आधीच असतात, मग कशाला ट्रॅव्हलर ओढायचे असा यामागचा विचार. प्रत्येक टू-वे स्विचच्या एका टोकाला फेज, दुसऱ्याला न्यूट्रल, आणि लाइट दोन्ही कॉमनच्या मध्ये. एकीकडून फेज आणि दुसरीकडून न्यूट्रल मिळाला की लागतो. आमच्या उदाहरणात फक्त ८ मीटर वायर! २४ विरुद्ध ८, म्हणून हा मोह होतो, आणि वायरमन सांगेल की इतक्या घरांत चालतंय, काही होत नाही.

काय होतं ते सांगतो. दोन्ही खटके न्यूट्रलवर असले तर लाइट बंद. दोन्ही फेजवर असले तरीही बंद, पण आता होल्डरच्या दोन्ही पिनांवर पूर्ण फेज आहे. बल्ब बदलायला शिडीवर चढलेला माणूस खाली बघतो, लाइट बंद आहे, हात घालतो. आमच्या आधीच्या घरात हीच पद्धत होती, वडिलांना असाच झटका बसला आणि ते दोन पायऱ्या खाली आले, नशिबाने कठडा हाताशी होता. तेव्हापासून मी कुठेही जिन्याचा बोर्ड दिसला की आधी हे तपासतो.

दुसरं म्हणजे एकाच छोट्या स्विचमध्ये फेज आणि न्यूट्रल काही मिलिमीटर अंतरावर येतात, संपर्क झिजून ठिणगी लांबली किंवा वायरचा सुटा तंतू पलीकडे टेकला तर मध्ये लाइट नाही काही नाही, थेट शॉर्ट. पहिल्या पद्धतीत तोच तंतू टेकला तर फार तर दोन ट्रॅव्हलर जुळतील आणि लाइट बंद होणार नाही.

आणि थ्री-फेज सप्लाय असलेल्या घरात खालचा मजला एका फेजवर, वरचा दुसऱ्या फेजवर असेल तर? दोन्ही खटके फेजवर गेले की २३० व्होल्टच्या सप्लायमध्ये लाइटला दोन फेजमधले ४०० व्होल्ट मिळतात. बल्ब उडतो, आणि तोही जेव्हा तो बंद असायला हवा तेव्हा.

एक गोष्ट या पद्धतीच्या बाजूने आहे ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. एलईडी बल्ब बंद केल्यावरही मंद मिणमिणतो ना, ते यात होत नाही कारण बंद असताना दोन्ही टोकं पक्की एकाच वायरला जोडलेली असतात. पहिल्या दोन्ही पद्धतींत बंद स्थितीत लाइटकडची वायर तरंगती राहते आणि शेजारून जाणाऱ्या फेजच्या वायरमुळे तिच्यावर थोडा करंट चढतो. लांब जिन्यात हे जास्त जाणवतं. पण त्यावर उपाय सोपा आहे, लाइटच्या दोन टोकांमध्ये त्याच कामासाठी मिळणारा बायपास कपॅसिटर लावायचा. तेवढ्यासाठी होल्डर जिवंत ठेवायचा नाही.

तुमच्याकडे कुठली आहे ते कसं कळेल? मेन बंद करून बोर्ड उघडा. टू-वे स्विचवर न्यूट्रलची वायर आलेली दिसली की तिसरी. पण रंगावर विश्वास ठेवू नका, जुन्या घरात न्यूट्रलच्या रंगाची वायर ट्रॅव्हलर म्हणून वापरलेली सर्रास सापडते, ती कुठून येते ते बीपनेच शोधा. नुसत्या टेस्टरवरही जाऊ नका, तरंगत्या ट्रॅव्हलरवरसुद्धा तो मंद पेटतो आणि मल्टीमीटर अर्धवट व्होल्टेज दाखवतो, माणूस उगाच गोंधळतो. होल्डरमध्ये जुना फिलामेंट बल्ब लावला तर हा घोटाळा होत नाही, चढलेल्या करंटने तो पेटत नाही, पण तिसऱ्या पद्धतीत तो बंद असला तरी होल्डर जिवंत असू शकतो हे विसरू नका.

जोडणी नवीन असली आणि वरचा स्विच खालचा एका ठरावीक बाजूला असतानाच चालत असेल तर पहिल्या पद्धतीत जवळजवळ नेहमी एकच चूक असते, कुठल्यातरी स्विचवर कॉमनची वायर आणि एक ट्रॅव्हलर यांची अदलाबदल झालेली. सगळं उपसू नका. मेन बंद करा, एकेक स्विच काढून त्याचा कॉमन पुन्हा तपासा. दोन ट्रॅव्हलर आपसात उलटे लागले तर मात्र काहीच बिघडत नाही, फक्त खटक्याची वर-खाली दिशा बदलते.

पहिल्या पद्धतीतही एक वाट चुकते ती म्हणजे फेज खालच्या एमसीबीवरून घ्यायची आणि न्यूट्रल लाइटला जवळ पडतो म्हणून वरच्या मजल्याचा घ्यायचा. लाइट लागेल. पण मजल्यांना वेगळे आरसीसीबी, म्हणजे गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की सप्लाय तोडणारे स्विच, असतील तर लाइट लावताच ट्रिप होतील, कारण गेलेला करंट त्याच वाटेने परत आला नाही. आणि आरसीसीबी नसतील तर जास्त वाईट, कारण वरचा एमसीबी बंद करून कोणी निर्धास्तपणे वरचा न्यूट्रलचा जोड सोडला आणि जिन्याचा लाइट चालू असला, तर त्या सुट्या टोकावर लाइटमधून फेज येते. ज्या एमसीबीची फेज त्याच सर्किटचा न्यूट्रल, यात तडजोड नाही. दुसऱ्या पद्धतीत हा प्रश्न सहसा येत नाही कारण लाइटचा जुना न्यूट्रल तसाच राहतो.

तर भिंती उघड्या आहेत, पाइप नवीन टाकताय, तर पहिली पद्धत घ्या, दीड चौरस मिलिमीटरची वायर लाइटला पुरते आणि ट्रॅव्हलरला फेज-न्यूट्रलपेक्षा वेगळा रंग ठेवा. चालू घरात वरती फक्त एक स्विच वाढवायचा असेल तर दुसरी. पुढे तिसरा मजला होणार असेल तरी या दोन्ही चालतात, मधल्या मजल्यावर एल१-एल२च्या वायर तोडून तिथे चार टर्मिनलचा इंटरमिजिएट स्विच बसतो, आणि दुसऱ्या पद्धतीत कॉमनची वायर त्याच्या बाजूने सरळ पुढे जाते. आणि बोर्ड उघडल्यावर तिसरी सापडली तर वरच्या-खालच्या दोन्ही मजल्यांचे एमसीबी बंद करून मगच हात लावा, एक बंद करून भागत नाही, कारण त्या लाइटला दोन्हीकडून फेज येते.