व्हायव्हॅक्स मलेरिया उलटू नये म्हणून: प्रायमाक्विनचे चौदा दिवस, सात दिवस की आठ आठवडे?

नागपुरात पावसाळ्यानंतर येणारा एक नेहमीचा रुग्ण असा असतो: ऑगस्टमध्ये व्हायव्हॅक्स मलेरिया झाला, क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा तीच थंडी, तीच हुडहुडी. घरचे म्हणतात, डास पुन्हा चावला. तसे होऊ शकते. परंतु पुष्कळदा नवा डास लागतच नाही. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात निद्रिस्त अवस्थेत राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी सहा ते नऊ महिन्यांनीसुद्धा, जागे होऊन रक्तात उतरतात. क्लोरोक्विन रक्तातील परजीवी मारते, या झोपलेल्यांना हात लावत नाही. उलट ते काही आठवडे रक्तात टिकून राहत असल्याने पहिला उलटाव दाबून धरते आणि रुग्णाला बरे झाल्याचा भास होतो.

यकृतातील हा साठा संपवणारे जे औषध आपल्याकडे सर्रास दिले जाते ते प्रायमाक्विन. म्हणून खरी निवड प्रायमाक्विन घ्यावे की नाही, ही नसून ते कोणत्या वेळापत्रकाने घ्यावे, ही आहे. आणि त्याचे उत्तर लाल रक्तपेशींतील जी-६-पीडी या विकराच्या तपासणीवर अवलंबून आहे. हा विकर पेशीला ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवतो, आणि लाल पेशीजवळ त्यासाठी दुसरा मार्ग नाही. प्रायमाक्विनचे शरीरात रूपांतर होताना नेमका हाच मारा होतो. विकर कमी असेल तर पेशी फुटू लागतात, आणि त्यातही जुन्या पेशी आधी, कारण पेशी म्हातारी होईल तसा तिच्यातील विकर आणखी घटतो. (ही कमतरता ओळखली गेली तीच प्रायमाक्विनमुळे, १९५६ मध्ये, अमेरिकेतील तुरुंगात कैद्यांवर केलेल्या अभ्यासांतून, त्या इतिहासाचे समर्थन आज कोणी करणार नाही.)

आता पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहू. भारतात रूढ असलेले वेळापत्रक म्हणजे प्रतिकिलो ०.२५ मिलिग्रॅम रोज, १४ दिवस. साठ किलोच्या माणसाला रोज १५ मिलिग्रॅम. सात दिवसांच्या पद्धतीत रोजची मात्रा दुप्पट, म्हणजे प्रतिकिलो ०.५ मिलिग्रॅम, असते. एकूण औषध तेवढेच, प्रतिकिलो ३.५ मिलिग्रॅम. ज्यांना ताप उतरल्यावर गोळ्या विसरायला होतात, त्यांच्यासाठी सात दिवस उघडच सोयीचे, कारण चौदा दिवसांचा कोर्स बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशीच सुटतो. मात्र विकर कमी असलेल्या माणसाला चुकून सात दिवसांचा कोर्स दिला गेला, तर पेशी फुटण्याचा वेगही वाढतो. म्हणून तपासणी न करता सात दिवसांचा कोर्स लिहून देणे मला पटत नाही. तिसरी पद्धत विकराची कमतरता सिद्ध झालेल्यांसाठी आहे: प्रतिकिलो ०.७५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदाच, आठ आठवडे, आणि तीही वैद्यकीय देखरेखीखाली. तिचा तर्क असा की दर आठवड्याला सर्वांत जुन्या पेशींचा थोडा गट फुटतो आणि पुढच्या मात्रेपर्यंत अस्थिमज्जा नव्या, अधिक विकर असलेल्या पेशी भरून काढते.

तपासणीतही दोन प्रकार आहेत आणि इथे घोळ होतो. फ्लुओरोसंट स्पॉट चाचणी स्वस्त व सोपी आहे, पण ती सामान्यतः नॉर्मल पातळीच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी विकर असलेल्यांनाच नीट ओळखते. पुरुषांत एवढे पुरते, कारण जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषाचा विकर एकतर बराचसा पुरेसा असतो किंवा स्पष्टपणे कमी. स्त्रियांकडे दोन एक्स असतात. एकच दोषी असला तर विकर मधल्या पातळीवर, म्हणजे ३० ते ७० टक्क्यांत, राहू शकतो, आणि स्पॉट चाचणी त्यांना ‘नॉर्मल’ म्हणून पुढे पाठवते. अशा वेळी आकड्यात मोजणारी चाचणी हवी.

विदर्भात आणखी एक गैरसमज भेटतो. अनेक घरांत सिकलसेल तपासणीचे कार्ड असते आणि ते दाखवून ‘आमची रक्ताची तपासणी झाली आहे’ असे सांगितले जाते. सिकलसेलचा दोष हिमोग्लोबिनमध्ये असतो. त्या कार्डावरून जी-६-पीडीविषयी काहीही कळत नाही.

एका काल्पनिक भावंडांचे उदाहरण घेऊ. गडचिरोलीहून नागपुरात कामाला आलेला २४ वर्षांचा भाऊ ६० किलोचा, आणि २९ वर्षांची बहीण ४८ किलोची, दोघांनाही व्हायव्हॅक्स. क्लोरोक्विन त्याच दिवशी सुरू करावे, कारण ते विकराच्या निकालासाठी थांबत नाही. प्रायमाक्विन मात्र एक-दोन दिवस थांबू शकते, कारण झोपलेला परजीवी तेवढ्याने पळून जात नाही. भावाचा निकाल ३० टक्क्यांच्या खाली आला, तर त्याला आठवड्याला ४५ मिलिग्रॅम, आठ मात्रा. बहिणीची स्पॉट चाचणी नॉर्मल आली म्हणून तिला मोकळे समजू नये: भावाला दोष आहे, याचा अर्थ आई जवळजवळ निश्चितच वाहक आहे, आणि मुलीला तो मिळण्याची शक्यता अर्धी. आकड्यात मोजल्यावर ४८ टक्के निघाले, तर तिच्यासाठी सात दिवसांचा दुप्पट मात्रेचा कोर्स टाळून चौदा दिवसांचाच कोर्स, रोज १२ मिलिग्रॅम, म्हणजे गोळ्यांच्या हिशेबाने साधारण साडेबारा, आणि सोबत हिमोग्लोबिनवर नजर. त्याआधी गर्भारपण नसल्याची खात्री करून घ्यावी, कारण गर्भारपणात प्रायमाक्विन दिले जात नाही.

दोघांचेही हिमोग्लोबिन औषधाच्या आधी, नंतर चौथ्या दिवशी आणि साधारण आठवड्याने तपासावे. पेशी फुटण्याचा परिणाम सहसा दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो. लघवी काळ्या चहासारखी होणे, डोळे पिवळे पडणे, चालताना धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. प्रायमाक्विन शरीरातून लवकर निघून जाते, त्यामुळे थांबवण्याचा उपयोग होतो. यकृतातील साठा संपवणारे दुसरे औषध, एकाच मात्रेचे टॅफेनोक्विन, आठवडेच्या आठवडे शरीरात राहते, म्हणूनच त्यासाठी ७० टक्क्यांहून अधिक विकर असल्याचे मोजून सिद्ध करावे लागते. गोळ्या जेवणानंतर घ्याव्यात. उपाशीपोटी घेतल्याने पोटात मुरडा येतो आणि लोक तेवढ्यासाठी कोर्स सोडतात.

निकाल चुकवणाऱ्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नुकत्याच बऱ्याच पेशी फुटून गेल्या असतील किंवा रक्त चढवले असेल, तर उरलेल्या तरुण अथवा परक्या पेशींमुळे विकर खोटा जास्त दिसतो. असा निकाल ‘नॉर्मल’ मानू नये, सुमारे तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. उलट नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत नमुना दुचाकीवरून तासन्‌तास फिरला, तर विकर बिघडतो आणि धडधाकट माणूस कमतरतेचा ठरतो. नमुना थंड पेटीतून नेला होता का, हे प्रयोगशाळेला विचारावे, आणि अहवालावर नमुना घेतल्याची वेळ लिहून घ्यावी.