‘खातं हॅक झालं’ असं लिहून मी माझीच तक्रार बिघडवली

बँकेतून बोलतोय असं सांगणारा एक फोन, स्क्रीन शेअर करणारं एक अ‍ॅप, आणि पंधरा मिनिटांत आमच्या छोट्या व्यवसायाच्या चालू खात्यातले पैसे गेले. अशा हकिकती तुम्ही बऱ्याच वाचल्या असतील. मी सांगतोय ते तक्रार लिहिताना घातलेल्या घोळाबद्दल.

कळल्याबरोबर 11:22 ला बँकेला फोन करून नेट बँकिंग बंद करून घेतलं. तेवढं एक शहाणपण सुचलं. मग दीड पान संताप लिहून काढला आणि त्यात तीन गोष्टी ठोकून दिल्या: खातं हॅक झालं, 4,15,000 गेले, आणि आम्ही कळवल्यावरही बँकेने पैसे जाऊ दिले. तिन्ही चुकीच्या.

रक्कम मी मोबाइलवरच्या मेसेजांची बेरीज करून लिहिली होती: 1,80,000, 1,45,000 आणि 90,000. तिसरा व्यवहार फसून पैसे परत जमा झाले होते, ते खातेउताऱ्यात सरळ दिसत होतं. गेले होते 3,25,000. बँकेवरचा आरोपही मेसेजवरूनच केला. दुसऱ्या व्यवहाराचा मेसेज 11:24 ला आला होता, म्हणजे आमच्या फोननंतर. पण मेसेज उशिरा पोचला होता. नेट बँकिंगमध्ये व्यवहाराच्या तपशिलात वेळ 11:14 होती. (आमच्या उताऱ्यावर नुसती तारीख होती, तिथे हे कळत नव्हतं.)

आणि हॅक? सायबर पोलिसांनी विचारलं, “ओटीपी कोणी दिला?” आमच्या हिशेबनीसाने फोनवर वाचून दाखवला होता. लाजेपोटी मी ते गाळलं होतं. बँकेच्या नोंदीत बरोबर ओटीपी पडलेला असताना हे लपणार कसं?

दुसऱ्यांदा लिहिताना विशेषणं काढून टाकली. एका घटनेला एक ओळ, आणि वेळ कुठून घेतली तेही त्याच ओळीत:

‘11:02, अनोळखी क्रमांकावरून फोन, मोबाइलची कॉल नोंद. 11:10, नवीन लाभार्थी जोडला, ओटीपी हिशेबनीसाने सांगितला, बँकेचा ईमेल. 11:12, त्या खात्यात 1,80,000. व्यवहाराचा तपशील, जोडपत्र 3.’

पैशाच्या प्रत्येक ओळीपुढे व्यवहार क्रमांक आणि समोरच्याचा खाते क्रमांक लिहिला. पुढची बँक पैसे शोधते ते याच क्रमांकांवरून. माझ्या आधीच्या स्क्रीनशॉटमध्ये नेमके तेच कापले गेले होते, म्हणून बँकेकडून उताऱ्याची मूळ फाइल घेऊन जोडली. रागाच्या भरात ते अ‍ॅप मात्र मी काढून टाकलं होतं. त्यात जोडणीची काही नोंद असली तर तीही गेली. काढून टाकलं हेही तक्रारीत लिहिलं.

पहिली तक्रार पुसता आली नाही. ती तशीच राहिली आणि खाली पुरवणी जबाब जोडला गेला. ओटीपीच्या ओळीवर हिशेबनीसाने स्वतः सही केली.